20 नमुने, 31 सिलिंडर

जुलै 2017. सकाळी साडेदहाला डीनसरांचा फोन. "मॅडम, पेपर वाचला का? स्वाइन फ्लूचा विषाणू बदललाय, मिशिगन म्हणे. आपल्याकडे तोच आलाय का? आणि तोच असेल तर व्हेंटिलेटर किती मागू? चार वाजता कलेक्टर ऑफिसला मीटिंग आहे, तुम्हीही चला."

दोन्ही प्रश्न त्यांनी एका दमात विचारले, जणू पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप निघेल. त्या दिवशी भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाची हीच समजूत होती. म्हणूनच तो दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी मायक्रोबायोलॉजीत आहे. पुण्यापासून एसटीने पाच-सहा तासांवरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात विषाणूंच्या तपासणीची लॅब बघते. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ फॉर्म वाचण्यात जातो. ताप कधी आला याची तारीख कोरी, वय "प्रौढ", आणि नमुना घेणाऱ्या इंटर्नची सही अशी की त्याला शोधायचं तर अख्खं होस्टेल पालथं घालावं लागेल. घशाचा स्वॅब म्हणून कित्येकदा नुसती जिभेला टेकवलेली काडी येते. ते कळतं कसं, तर आमच्या पीसीआरमध्ये फ्लूच्या जोडीला आरएनपी नावाचं एक माणसाचं जनुकही तपासलं जातं. स्वॅबवर माणसाच्या पेशी नीट आल्या असतील तर ते तपासणीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच उमटतं. ते 36-37 व्या फेरीला कसंबसं दिसलं, किंवा दिसलंच नाही, तर "फ्लू निगेटिव्ह" या शब्दांना काही अर्थ नसतो. अशा नमुन्यावर मी निगेटिव्ह लिहीत नाही, "नमुना पुन्हा पाठवा" असं लिहिते. वॉर्डातले लोक त्यावरून माझ्यावर चिडतात. चिडू देत.

तर डीनसरांचा पहिला प्रश्न. आमच्या पीसीआरला मिशिगन आणि कॅलिफोर्निया यांतला फरक कळत नाही, आणि तो कळू नये अशीच त्या तपासणीची रचना आहे. विषाणूच्या जनुकाचा जो भाग सहसा बदलत नाही, तोच ओळखणारे प्रायमर तिच्यात वापरतात. नाहीतर विषाणूने जरा वेश पालटला की तपासणी आंधळी व्हायची. ही कॅलिफोर्निया-मिशिगन नावं आहेत ती संदर्भाच्या विषाणूंची. 2009 च्या साथीतला ए/कॅलिफोर्निया/7/2009 पुढची कित्येक वर्षं लशीत राहिला. मग जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2016 मध्ये, 2017 च्या दक्षिण गोलार्धातल्या लशीसाठी, त्याच्या जागी ए/मिशिगन/45/2015 सुचवला. म्हणजे पेपरात ज्याची बातमी झाली, तो बदल कागदोपत्री दहा महिने जुना होता. कुणी वाचला नव्हता, एवढंच.

आपल्या भागात कुठला फिरतोय हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत ठरतं. तिथे देशाचं इन्फ्लुएन्झा केंद्र आहे. चांगला जोर असलेले काही पॉझिटिव्ह नमुने आम्ही बर्फाच्या डब्यात तिहेरी पॅक करून पाठवतो. तिथे त्यांचा जनुकक्रम काढतात, विषाणू पेशींमध्ये वाढवतात आणि हिमॅग्लुटिनेशन इन्हिबिशन नावाची तपासणी लावतात. मी ती ट्रेनिंगमध्ये शिकले आणि तिच्या प्रेमातच पडले. फ्लूचा विषाणू तांबड्या पेशींना एकमेकींशी चिकटवतो, मग त्या प्लेटमधल्या छोट्या वाटीच्या तळाला न जाता जाळीसारख्या पसरून राहतात. त्यात विषाणूला पकडणारी अँटीबॉडी असली तर चिकटवणं बंद पडतं आणि पेशी तळाला जाऊन लाल बटण बनतं. प्लेट तिरकी धरायची. खऱ्या बटणातून बारीक धार खाली ओघळते. ओघळली नाही तर ते बटण खोटं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठल्या वाटीपर्यंत धार ओघळते ते मोजायचं. त्याआधी सीरम एका एन्झाइमबरोबर रात्रभर 37 अंशांना आणि मग अर्धा तास 56 अंशांना ठेवावं लागतं, कारण सीरममध्ये मुळातच असे पदार्थ असतात जे अँटीबॉडी नसूनही अँटीबॉडीचं सोंग घेतात. ही पायरी घाईत उरकली की सगळी प्लेट छान दिसते आणि सगळी चुकीची असते.

यात वापरायचं प्रमाण सीरम येतं फेरेटचं. फेरेट म्हणजे मुंगसाच्या चणीचा एक प्राणी. त्याला आयुष्यात कधीच फ्लू झालेला नसतो. त्याला एकच विषाणू द्यायचा, दोनेक आठवड्यांनी रक्त घ्यायचं. कॅलिफोर्निया दिलेल्या फेरेटचं सीरम कॅलिफोर्नियाला समजा 1:1280 पर्यंत रोखतं. नवा विषाणूही 1280 किंवा 640 ला रोखला गेला तर दोघं सारखेच. एका वाटीचा फरक हाताचाही असू शकतो. तेच 160 वर किंवा त्याखाली घसरलं, म्हणजे आठपट किंवा जास्त, तर विषाणू बदलला असं म्हणायचं.

गंमत अशी की या हिशेबाने मिशिगन बदललेलाच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या फेरेट सीरमने त्या काळातले विषाणू व्यवस्थित रोखले जात होते. मग लस का बदलली? कारण माणसांचं सीरम वेगळं सांगत होतं. लस घेतलेल्या काही प्रौढांच्या रक्तात कॅलिफोर्नियाला रोखणाऱ्या अँटीबॉडी भरपूर होत्या, पण त्याच नव्या विषाणूंसमोर ठळकपणे तोकड्या पडत होत्या. नव्या गटात विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या 162 व्या जागेवर सेरीन या अमिनो आम्लाऐवजी अस्पॅरजिन आलं होतं. त्यामुळे त्या जागी साखरेची एक साखळी चिकटू शकते आणि तिच्याखाली जो भाग झाकला जातो तिथे अँटीबॉडीला बसता येत नाही. फेरेटची अँटीबॉडी अनेक जागांवर बसणारी असते, एक झाकली तरी त्याचं अडत नाही. माणसाचं तसं नसतं. लहानपणी भेटलेल्या फ्लूच्या आठवणीवर त्याची प्रतिकारशक्ती उभी राहते, आणि काहींच्या बाबतीत ती सगळी एकाच जागेवर रोखलेली असते. नेमकी तीच जागा झाकली गेली की तो माणूस उघडा पडतो.

एवढं सगळं मी डीनसरांना फोनवर सांगायला गेले. "थोडक्यात सांगा, बदललाय की नाही?" म्हणाले. "पुण्याचा अहवाल आला की कळेल, बहुधा तोच असणार. पण सर, व्हेंटिलेटरचं उत्तर त्यात नाही." त्यावर ते, "मग कशात आहे?"

ते होतं मंगळवारच्या डब्यात. आमच्याकडे सेंटिनल नमुने घेतात. ओपीडीत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या व्याख्येत बसणारे रुग्ण क्रमाने घ्यायचे. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा वर, खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. आजारी किती दिसतो, डॉक्टरला संशय किती, कुणाची शिफारस आहे, यातलं काही बघायचं नाही. आठवड्याला 20 स्वॅब. हे काम कुणालाच आवडत नाही. साध्या तापाच्या रुग्णाला काडी घालायची, त्याचा रिपोर्ट त्याच्या कामाचाही नसतो, कारण तोवर तो बरा झालेला असतो. इंटर्न ते टाळतात, आणि आमचे टेक्निशियन काका स्वतः ओपीडीत जाऊन दारात उभे राहतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या जागेवर माणूस भरलेला नव्हता, हेही इथेच लिहून ठेवते.

दुसरीकडे वॉर्डातून येणारे नमुने. सरकारी नियमाप्रमाणे साध्या रुग्णांची, म्हणजे 'ए' आणि 'बी' गटाची, तपासणी करायची नाही. 'बी'मध्ये गरज असेल तिथे गोळ्या सुरू करायच्या. तपासायचे ते धाप, कमी झालेला रक्तदाब, निळे पडलेले ओठ अशा 'सी' गटातले. नियम योग्यच आहे. पण या नमुन्यांवरून साथीचा अंदाज बांधायला गेलं की फसगत होते. त्याच महिन्यात एका आठवड्यात आमच्याकडे 40 नमुने आले, 14 पॉझिटिव्ह. मग शहरातल्या एका ओळखीच्या माणसाचा मृत्यू झाला, पेपरात फोटो आला, आणि पुढच्या आठवड्यात 130 नमुने. त्यात 28 पॉझिटिव्ह. बातमी आली, "स्वाइन फ्लूचे रुग्ण दुप्पट". रुग्ण दुप्पट झाले हे त्यावरून म्हणताच येत नाही. पॉझिटिव्हचं प्रमाण 35 टक्क्यांवरून साडेएकवीसवर उतरलं होतं. लोक घाबरले, डॉक्टर घाबरले आणि जरा खोकणाऱ्या प्रत्येकाला 'सी' लिहून पाठवलं गेलं.

काकांच्या 20 मध्ये मात्र घाबरलेला माणूस मिसळत नाही. जूनच्या मध्यापासून तिथले आकडे असे होते: 1, 3, 5, 8. यातला एकच आकडा घेऊन कुणी बोलायला लागला तर मी त्याला थांबवीन. 20 पैकी 5 म्हणजे 25 टक्के खरे, पण इतक्या लहान नमुन्यात खरं प्रमाण 10 पासून जवळजवळ 50 पर्यंत कुठेही असू शकतं. तिनाचे पाच होणं नशिबाचाही खेळ असतो. पण लागोपाठ चार आठवडे एकाच दिशेला चढत गेलेल्या आकड्यांत नशीब शोधायचं नसतं. पहिल्या तीन आठवड्यांत आयसीयूत फ्लूचा रुग्ण जेमतेम होता. ओपीडीत ताप घेऊन आलेल्यांपैकी ज्यांचं बिघडतं, त्यांना चौथ्या-पाचव्या दिवशी धाप लागते. मग दोन दिवस खाजगीत जातात, मग आमच्याकडे. म्हणजे ओपीडीची चढण वॉर्डात पोचायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढाच अवधी आम्हाला मिळाला होता आणि तो निघून गेला होता. दर आठवड्याला मी ते आकडे मेलने वर पाठवत होते. उत्तरादाखल फॉर्मॅट बदलल्याची एक सूचना आली.

मीटिंगमध्ये अर्धा तास मिशिगनवरच गेला. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, आपल्याकडची लस चालेल का? औषध भांडारातून एक डबी मागवून घेतली होती. लेबलवर 2016-17, उत्तर गोलार्ध, ए/कॅलिफोर्निया/7/2009. मागच्या हंगामाचा उरलेला साठा. 2017 ची दक्षिण गोलार्धाची लस, मिशिगनवाली, पावसाळ्याआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये द्यायला हवी होती. महाराष्ट्रात फ्लू मुख्यतः पावसाबरोबर चढतो. ही डबी आता टोचून घ्या की नको यावर चर्चा लांबली. मी एवढंच म्हटलं, लस नवी आली तरी अंगात अँटीबॉडी तयार व्हायला दोन आठवडे लागतात. गरोदर बायका आणि कर्मचाऱ्यांना नवी मागवून द्या, पण पुढच्या दहा दिवसांच्या खाटा लशीने वाचणार नाहीत.

मग खाटांचा हिशेब मांडला. तो अवघड नाही, फक्त कुणी करत नाही. रोज दाखल होणारे गुणिले सरासरी मुक्काम म्हणजे भरलेल्या खाटा. आमच्याकडे त्या वेळी रोज 6 जण दाखल होत होते, मुक्काम सात दिवसांचा. म्हणजे 42 खाटा. चारातल्या एकाला आयसीयू लागत होतं, दिवसाला दीड माणूस, आणि आयसीयूतला मुक्काम दहा दिवसांचा. म्हणजे 15 जागा. त्या दिवशी आयसीयूत फ्लूचे 8 होते. डीनसर म्हणाले, "मग अजून जागा आहे की." हाच तो सापळा. दाखल होणाऱ्यांचा आकडा एकानेही न वाढता 6 वरच थांबला, तरी आयसीयू 8 वरून 15 वर जाणारच, कारण आत गेलेला दहा दिवस बाहेर येत नाही आणि रोज दीड माणूस आत जातोच. आणि ओपीडीची चढण पाहता आकडा 6 वर थांबणार नव्हता. 9 धरला तर 63 खाटा आणि 22-23 आयसीयू.

रजिस्टरवर व्हेंटिलेटर 14. त्यातले तीन फ्लो सेन्सर नाही म्हणून प्लॅस्टिकखाली. कलेक्टरसाहेबांनी लगेच, "दहा नवे देऊ." माणूस मनापासून मदत करत होता. पण आयसीयूच्या सिस्टर रात्रपाळीला तीन होत्या, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची नळी साफ करायला, त्याला कुशीवर वळवायला यंत्र येत नाही. मेट्रन मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी त्याच बोलल्या, "साहेब, ऑक्सिजनचं काय?"

त्यावर शांतता. आमच्याकडे तेव्हा टाकी नव्हती, जम्बो सिलिंडर जोडलेला मॅनिफोल्ड होता. एका जम्बोत साधारण 7,000 लिटर. 42 पैकी 25 जण ऑक्सिजनवर, सरासरी मिनिटाला 6 लिटर, म्हणजे मिनिटाला 150. तासाला 9,000. दिवसाला 2 लाख 16 हजार. भागिले 7,000, म्हणजे रोज 31 सिलिंडर, व्हेंटिलेटरचे वेगळे. ठेकेदाराची गाडी दिवसाआड यायची. मेट्रनबाईंना हा गुणाकार करायची गरज पडली नव्हती. रात्री दोन वाजता पाना घेऊन सिलिंडर बदलणाऱ्या वॉर्डबॉयची तक्रार त्या आठवडाभर ऐकत होत्या. शेवटी गाडी रोज करायची, बालरोग आणि सर्जरीतून सहा सिस्टर आयसीयूत द्यायच्या, ठरलेल्या शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे ढकलायच्या आणि तीन व्हेंटिलेटरचे सेन्सर स्थानिक खरेदीने आणायचे, असं ठरलं. नवे व्हेंटिलेटरही आले. साथ ओसरल्यावर.

पुढे आयसीयू 19 पर्यंत गेलं. ऑक्सिजन संपला नाही. त्या वर्षी देशात 38,811 रुग्ण आणि 2,270 मृत्यू नोंदले गेले. त्याच्या आधीच्या वर्षी 1,786 आणि 265 होते. इतका फरक कशाने पडला, याच्या उत्तरात विषाणूतला बदल असणारच. पण मी मघाशी नियम सांगितला ना, गंभीर तेवढेच तपासायचे. त्या नियमातून आलेल्या आकड्यांवरून शंभर आजाऱ्यांमागे किती दगावले हे काढू नका. टीव्हीवर रोज काढत होते.

पुण्याचा अहवाल नंतर आला. आमचे नमुने मिशिगनच्याच गटातले होते.

मेडिसिनच्या सरांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. मीटिंगच्याच संध्याकाळी ते लॅबमध्ये आले, हातात आयसीयूची यादी. "वयं बघा. म्हातारे कमी, पोरं कमी. 38, 44, 41, 50, 47. तुमचं फेरेट म्हणतं विषाणू तोच आहे, माझे पेशंट काय म्हणतात ते बघा." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्याआधी, 2013-14 च्या अमेरिकेतल्या हंगामात, शेजारच्याच एका जागेवरच्या बदलाबाबत मधल्या वयाच्या लोकांमध्ये हेच दिसलं होतं: 1977 मध्ये पुन्हा फिरू लागलेला जुना एच1एन1, म्हणजे स्वाइन फ्लूच्याच उपप्रकाराचा विषाणू, लहानपणी भेटलेल्यांच्या अँटीबॉडी त्या एकाच जागेवर रोखलेल्या होत्या. पण मी म्हटलं, सर, याच वयात मधुमेह उघड होतो, याच वयातला कमावता माणूस ताप अंगावर काढतो आणि सातव्या दिवशी येतो, आणि 2009 पासून ही साथ तरुण-मध्यमवयीनांनाच जास्त लागते. तुमच्या यादीतून यातलं काय ते वेगळं काढता येत नाही. आजारी पडलेल्याचं रक्तही उपयोगाचं नाही, त्यात या विषाणूच्या ताज्या अँटीबॉडी असतात. हवं ते आजारी न पडलेल्या, त्याच वयाच्या माणसांचं, साथ येण्याआधीचं सीरम.

ते रक्तपेढीत होतं. दात्यांच्या तपासणीच्या नळ्यांत उरलेलं सीरम ठरावीक मुदतीनंतर फेकून देतात. मे-जूनच्या शिल्लक नळ्या, नाव काढून, फक्त वय आणि तारीख ठेवून मिळाव्यात म्हणून मी दुसऱ्याच दिवशी नैतिकता समितीकडे अर्ज दिला. समितीची बैठक दोनदा पुढे गेली, कारण तिचे दोन सदस्य आयसीयूत ड्युटीवर होते, त्यांना दोष कसा देऊ. परवानगी नोव्हेंबरमध्ये मिळाली. तोवर मे-जूनच्या नळ्या जाळून झाल्या होत्या आणि नोव्हेंबरच्या दात्यांपैकी किती जणांना मधल्या काळात फ्लू होऊन गेला होता ते सांगता येत नव्हतं. अर्ज मागे घेतला आणि नवा दिला, कायमच्या परवानगीचा: दर एप्रिलमध्ये वयोगटानुसार काही नळ्या उणे 80 च्या फ्रीजरला ठेवायच्या. तो मंजूर झाला. फ्रीजरचा जनरेटर जोडून मिळायला मात्र आणखी एक पावसाळा गेला.